मानकुरादची छाटणी : मधली फांदी आणि शेंडे एकाच वर्षी कापावेत का?

मदत हवी आहे. बार्देशात डोंगरउतारावर मानकुराद आंब्याची बारा वर्षांची कलमं आहेत, अंतर आठ मीटर, उंची साधारण सात मीटर. मधोमध सरळ वर गेलेल्या फांदीमुळे आत ऊन पोचत नाही, आतल्या काड्या वाळतात, मोहर फक्त बाहेरच्या कडेला येतो.

गेल्या वर्षी शेंडे सप्टेंबरात छाटले गेले, तिथेच चुकलं. आंब्याचा मोहर काडीच्या टोकाच्या डोळ्यातून फुटतो, आणि त्यासाठी ती काडी काही महिन्यांची, पक्की व्हावी लागते. कोवळ्या पानांतलं जिबरेलिन मोहराला अडवतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तांबूस पालवी आली, डिसेंबरच्या थंडीत ती कोवळीच होती; छाटलेल्या काड्यांवर मोहर आलाच नाही, न छाटलेल्या काड्यांवर आला.

म्हणून यंदा मेअखेर आंबे उतरले की लगेच कापायचा विचार आहे. मधली फांदी बुडाशी, आधी खालून खाच देऊन, म्हणजे साल फाटणार नाही. दोन प्रश्न आहेत:

शेंडेही त्याच वेळी छाटले तर पानं फार कमी होऊन झाड सगळा जोर पालवीतच घालेल का? की शेंडे पुढच्या वर्षी?

कापावर बोर्डो पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) लावतो, पण जूनच्या पावसात ती धुऊन जाते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळते. पुन्हा किती दिवसांनी लावता?