मदत हवी आहे: परवा सातारा हिल हाफ मॅरेथॉन, मधला शनिवार कसा घालवू?

सपाटधाव (शुक्रवार, रात्री ९.१०)

नमस्कार. मी सोलापूरची, वय ४१. सपाट रस्त्यावर तीन हाफ मॅरेथॉन झाल्यात, सगळ्या सव्वादोन ते अडीच तासांत. साताऱ्याची ही पहिलीच वेळ. आज पाच-सहा तास एसटीत बसून इथे सदर बझारला मावसबहिणीकडे आले. बिब आजच घेतलं, त्यामुळे उद्या रांग नाही. पण उद्याच्या दिवसाबद्दल डोक्यात गोंधळ आहे.

दाजी म्हणतात, सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येऊ, पाय मोकळे होतील, आणि दुपारी कासला फुलं बघू. माझ्या प्लॅनमध्ये शनिवारी '२० मिनिटं शेकआउट रन' एवढंच लिहिलंय. गड चढला तर तेच झालं ना? शिवाय घाटाची सवयही होईल.

दुसरं, माझा शनिवारचा उपवास असतो, संध्याकाळी सोडते. बारा वर्षं एकही चुकलेला नाही, त्यामुळे मोडायचा नाही.

तिसरं म्हणजे बूट. जुने साधारण ७०० किमी पळालेले आहेत, पुढच्या भागाचा तळ गुळगुळीत झालाय. नवे दोन आठवड्यांपूर्वी घेतले, त्यात फक्त १२ किमी झालेत (दोनदा सहा-सहा). इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

शनिवारपेठ (९.३२)

ताई, बुटांचं सोपं आहे: रेसला नवे बूट कधीच नाही. जुनेच घाला.

उपवासाचीही काळजी नको. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, कार्ब लोडिंगच. दोन वेळा पोटभर खिचडी खा. आणि उद्या दिवसभरात पाच-सहा लिटर पाणी प्या, घाटात कामाला येईल.

घाटवाट (१०.०५)

सपाटधाव, आधी गडाचं बोलतो, कारण त्यातच रविवार बिघडू शकतो.

अजिंक्यतारा चढून काही होणार नाही. त्रास उतरताना होतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. ज्या पायांना याची सवय नाही, त्यांत बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं आणि साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सर्वात जास्त असतं. उद्या सकाळी आठला गड उतरलात, तर परवा त्याच सुमाराला तुम्ही यवतेश्वर घाट उतरत असाल. या रेसचा दुसरा अर्धा भाग बहुतेक उताराचाच आहे. चढात माणसं दमतात तरी चालत राहतात. मांड्या गेल्या की उतारावर मात्र काहीच करता येत नाही. आणि एका दिवसात घाटाची सवय होत नाही, ती झाली असेल तर गेल्या दोन महिन्यांत.

शेकआउटचं काम वेगळं आहे. एसटीत आखडलेलं शरीर सैल करायचं आणि पायांना वेगाची आठवण द्यायची, एवढंच. पंधरा-वीस मिनिटं, बोलता येईल इतकं सावकाश, त्यातल्या त्यात सपाट रस्त्यावर. तुमच्या वेगाने ते दोन-अडीच किलोमीटर होईल. शेवटच्या पाच मिनिटांत चार वेळा पंधरा-वीस सेकंद पाय थोडे उघडायचे, मध्ये मिनिटभर चालायचं. परत आल्यावर 'अजून थोडं पळावं' असं वाटलं पाहिजे. दमल्यासारखं वाटलं तर जास्त झालं. आणि घड्याळातल्या हृदयठोक्यांकडे बघू नका. आदल्या दिवशी ते काळजीनेच वाढलेले असतात.

कासचा रस्ता याच घाटातून जातो. दाजींना म्हणावं, सकाळी लवकर गाडीने साधारण साडेदहा किलोमीटरपर्यंत नेऊन आणा. समर्थ मंदिर सोडल्यावर चढ कुठे अंगावर येतो, कुठे जरा श्वास घ्यायला मिळतो, ते काचेतून बघा आणि मागे फिरा. पठारावर जाऊ नका. तिथे शनिवारी गर्दी असते, दोन-तीन तास उभं राहणं आणि चालणं होतं. फुलं रेसनंतर बघता येतील.

कोवळं_ऊन (१०.४०)

मी मुंबईची फुल करतो. मागच्या जानेवारीत आदल्या दिवशी बिब घ्यायला बीकेसीला गेलो आणि स्टॉल बघत चार तास फिरलो. रात्री पोटऱ्या ठणकत होत्या. पेडर रोडच्या चढाला पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास चालायला लागलो. तुम्हीही एक्स्पोत जास्त थांबू नका, लवकर बिब घ्या आणि परत या. मीठ-गोळ्या घेताय ना? दमटपणात फार लागतात.

सपाटधाव (१०.५५)

बिब आजच घेतलंय दादा. पण चार तास उभं राहण्याचं लक्षात ठेवते, उद्या मंडईलाही जायचं नाही म्हणून सांगते. मीठ-गोळ्या सरावात कधी घेतल्या नाहीत, म्हणून परवाही नको.

घाटवाट, गड रद्द. दाजी थोडे हिरमुसले, पण गाडीने न्यायला तयार आहेत. उपवासाचं आणि बुटांचं सांगाल का?

घाटवाट (११.१५)

उपवास मोडू नका. शनिवारपेठ यांचं अर्धं बरोबर आहे. साबुदाणा स्टार्चच आहे आणि तो चालेल. पण आपली खिचडी नुसता साबुदाणा नसते. दाण्याचं कूट आणि तूप इतकं असतं की पोट तासन्‌तास जड राहतं. दोनदा पोटभर खाल्ली तर रात्री झोप नाही आणि पहाटे पोट साफ नाही. सकाळी एक वाटी, कूट नेहमीच्या निम्मं. दुपारी उकडलेली रताळी किंवा बटाटे, सैंधव लावून. मधे केळी, राजगिऱ्याचा लाडू. उपवास सूर्यास्तानंतर सोडत असाल तर उशीर करू नका. सातपर्यंत ताट समोर हवं: मऊ वरण-भात, थोडं मीठ-लिंबू. उसळ, कोशिंबीर, पालेभाजी, तळण उद्या नको. हाफसाठी ताटात डोंगर रचायची गरज नसते. सरावच कमी झालाय, त्यामुळे नेहमीइतकं खाल्लं तरी साठा भरतो.

पाच-सहा लिटर पाणी मात्र अजिबात नको. उपवासात मीठ आधीच कमी जातं, त्यात इतकं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. रात्री चारदा उठावं लागेल ते वेगळं. तहानेप्रमाणे प्या, दोनदा सैंधव घातलेलं लिंबूपाणी घ्या. लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

माणदेशी_पाऊल (११.३०)

माझं मत वेगळं आहे. मी सातवीपासून एकादशी करते आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी लांब पळताना मला दर वेळी तेराव्या-चौदाव्या किलोमीटरला घेरी येते. सपाटधाव, तुम्ही रविवारी सकाळी नेहमी लांब पळता का? शनिवारचा उपवास करून?

सपाटधाव (११.३८)

हो, माझी लांबची धाव रविवारीच असते, म्हणजे बारा वर्षांतल्या सगळ्या लांब धावा उपवासाच्या दुसऱ्याच दिवशी झाल्यात. सकाळी निघण्याआधी दोन केळी आणि चहा घेते.

माणदेशी_पाऊल (११.४१)

मग तुमच्या शरीराला ते माहीत आहे. माझा आक्षेप मागे. केळी सुटण्याच्या दोन-अडीच तास आधी खा, त्यात एक राजगिरा लाडू वाढवा.

घाटवाट (११.५०)

उत्तम प्रश्न विचारलात, तो मला सुचायला हवा होता.

बुटांबाबत मी ठाम नाही. 'नवे कधीच नाही' हा नियम दुकानातून आणलेल्या बुटांसाठी ठीक. पण ओल्या उतारावर गुळगुळीत तळ धोक्याचा, आणि बारा किलोमीटर म्हणजे अगदी कोरे नाहीत. उद्या घराजवळच्या ओल्या उतरत्या गल्लीत पन्नास पावलं जुन्यांत चाला, मग नव्यांत. टाच टेकताना कोणता सरकतो ते लगेच कळेल. नव्यांत अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा आहे का बघा. उतारावर पाय पुढे सरकतो, जागा नसेल तर नख काळं होणारच. वरच्या शेवटच्या भोकातून नाडीचा फास करून टाच घट्ट धरा.

आणि पाऊस असेल तर शेकआउटला रेसचे बूट घालू नका. एकदा आतून भिजले की इथल्या हवेत चोवीस तासांत वाळत नाहीत.

सपाटधाव (शनिवार, सकाळी १०.२०)

आज १८ मिनिटं, २.३ किमी, घरच्या जुन्या तिसऱ्या जोडात. पाऊस होता. मग गल्लीत चाचणी केली: जुना जोड ओल्या काँक्रीटवर दोनदा सरकला, नवा नाही. अंगठ्यापुढे जागा आहे.

पण परतताना उजव्या पोटरीत ओढ जाणवली. काल नव्हती. आता जिना चढताना सारखं लक्ष तिकडेच जातंय. खूप घाबरले आहे.

घाटवाट (१०.३५)

ओढ पूर्ण पोटरीभर आहे की एका बोटाने दाखवता येते? दाबल्यावर दुखतं? उजव्या पायावर टाच उचलून दहा वेळा वर-खाली करून बघा, आणि लंगडता का ते दाजींना बघायला सांगा.

सपाटधाव (१०.४८)

पोटरीभर, पसरट. दाबल्यावर विशेष काही नाही. दहा वेळा केलं, डावीसारखंच. लंगडत नाही म्हणाले.

घाटवाट (१०.५५)

मग बहुतेक एसटी आणि आदल्या दिवसाचं कान टवकारलेलं मन. सराव कमी झाला की एरवी न जाणवणारं सगळं ऐकू येतं. एका बोटाच्या जागी टोचणारं दुखणं, दाबल्यावर दुखणं, पावलागणिक वाढणं, यातलं काही असतं तर मी पळू नका म्हणालो असतो. आता जोरात स्ट्रेचिंग किंवा मालिश करू नका, आज कोणी अंगठ्याने पोटरी दाबू नये. कोमट पाण्याने अंघोळ, दुपारी पाय उशीवर ठेवून अर्धा-पाऊण तास पडा, तीननंतर झोपू नका.

शनिवारपेठ (११.१०)

मी माझ्या पाण्याच्या सल्ल्याबद्दल वाचत होतो, चुकलंच. माफ करा. बुटांचं मात्र अजूनही पटत नाही, सहा किलोमीटरवर जो फोड येत नाही तो पंधराव्यावर येतो, ओल्या मोज्यात तर नक्कीच.

माणदेशी_पाऊल (११.२५)

फोडाची भीती रास्त आहे. बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन जाड लावा. पावसात मांड्या, काखा आणि ब्राच्या पट्ट्याखालीही लावा, तिथलं सोलणं अंघोळीपर्यंत कळत नाही. नखं आज कापू नका, कोपरा खोल गेला तर उद्या टोचेल.

सपाटधाव (संध्याकाळी ७.५०)

सकाळी घाट गाडीने पाहून आलो, वर धुकं होतं. वरण-भात झाला. पोटरीतली ओढ दुपारनंतर गेली. नवे बूट घालणार आहे, शनिवारपेठ यांचा फोडाचा इशारा मानून जाड मोजे बाजूला ठेवून सरावातले पातळच घेतलेत. सगळं खुर्चीवर मांडलंय: टीशर्टवर बिब चार पिनांनी, चिपची पट्टी न दुमडता, मोजे, पट्टा, व्हॅसलीन, सुरू होईपर्यंत अंगावर घ्यायला मोठी प्लास्टिक पिशवी, दाजींकडे देण्यासाठी कोरडे कपडे आणि चपला.

झोप येत नाहीये. साडेआठला दिवा बंद करते.

घाटवाट (८.०५)

काल रात्री किती झोपलात?

सपाटधाव (८.०७)

साडेसात तास, सलग.

घाटवाट (८.१०)

मग आजच्या रात्रीची झोप कमी झाली तरी चालेल. डोळे मिटून पडून राहा, घड्याळ बघू नका. यवतेश्वरच्या चढावर चालायची वेळ आली तर लाजू नका, आणि उतरायला लागलात की लहान पावलं टाका. रविवारी दुपारी पोटरी आणि मोज्यांचं इथे लिहा, बुटांचा वाद तेव्हा मिटेल.