मदत हवी आहे: आजोबांनी गहाण ठेवलेलं शेत सोडवायचं आहे, समोरचे पैसे घेत नाहीत

मेरेवरचा
पेडणे तालुक्यात आमचं भाताचं शेत आहे, साधारण २४०० चौरस मीटर. आजोबांनी ते ३००० रुपयांना गहाण दिलं होतं. व्याज नाही, त्याबदली पीक समोरच्याने खायचं असं ठरलेलं. ते वारले, आजोबाही गेले. आता त्यांचे मुलगे म्हणतात मुदत कधीच संपली, जमीन आमची झाली. नाहीतर तीन लाख द्या. मामलेदार कचेरीत गेलो तर कोर्टात जा म्हणाले. नक्की काय करायचं ते कोणी सरळ सांगेल का? लवकर हवं आहे, नांगरणीच्या आत.

वायंगण
गहाणखत कोणत्या सालचं? नोंदणी झालेलं आहे का? मुदत किती लिहिली आहे? एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलेलं उत्तर अंदाजच असेल.

सडेकर
फार उशीर झाला, दादा. गहाण सोडवायची मुदत तीस वर्षं. ती गेली की हक्क गेला. मिळतील तेवढे पैसे मागून घ्या आणि मिटवा.

वायंगण
सडेकर, नियम अर्धाच सांगितलात. तीस वर्षं खरी, पण ती कधीपासून मोजायची हा प्रश्न आहे. सावकार व्याजाबदली जमीन कसतो त्या कब्जेगहाणात मुदत खताच्या तारखेपासून सुरू होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २०१४ साली हे स्पष्ट केलं. मालकाने मुद्दल दिलं, देऊ केलं किंवा कोर्टात भरलं, तेव्हापासून ताबा परत मागायचा काळ मोजतात. तोवर गहाण हे गहाणच राहतं. निव्वळ वर्षं उलटल्याने सावकार मालक होत नाही. 'अमुक वर्षांत पैसे न दिल्यास जमीन तुमची' असं वाक्य गहाणखतात असलं तरी ते चालत नाही.

सडेकर
मग आमच्या भागात इतकी शेतं गेली ती कशी? अशा कागदांवर लोकांनी जमिनी गमावल्या आहेत.

वायंगण
त्यातली पुष्कळशी गहाणं नव्हतीच. 'अमुक रकमेला विकली, पाच वर्षांत पैसे दिल्यास परत देऊ' असा मजकूर असेल तर कागद वेगळा ठरतो. परत देण्याची अट त्याच दस्तात असेल तर ते शर्तीच्या विक्रीचं गहाण होऊ शकतं, आणि त्याला तुमची तीस वर्षं लागतात. विक्री एका कागदावर आणि परत देण्याचा करार दुसऱ्या कागदावर असेल, तर कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. म्हणून आधी दस्ताचा मथळा नाही, आतलं वाक्य वाचायचं.

मेरेवरचा
खत १९७४ चं आहे, सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेलं. मुदत सात वर्षं. लिहिलंय: 'आजपासून जमिनीचा ताबा तुम्हांस दिला असून उत्पन्न व्याजाच्या बदली घ्यावे, मुद्दल परत केल्यावर ताबा परत द्यावा.' एक-चौदावर मालक म्हणून आजोबांचं नाव आहे. कुळाच्या रकान्यात समोरच्याच्या वडिलांचं नाव आहे. हे आधी लिहायचं राहिलं.

सुपारीबाग
माझंही असंच. कुळागर सोसायटीकडे तारण आहे, हप्ते चालू आहेत. बोजा सगळे हप्ते संपल्यावर उतरतो की आधी उतरवता येतो?

वायंगण
तुमची गोष्ट वेगळी. ताबा तुमच्याकडेच आहे, ते नजरगहाण. कर्ज फिटल्यावर सोसायटीचा दाखला घेऊन नोंद कमी करायची. वेगळा धागा काढा.

मेरेवरचा, हिशेब असा. पीक व्याजाबदली गेलेलं असल्याने व्याज देणं नाही, आणि पन्नास वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब तुम्हालाही मागता येत नाही. देणं फक्त ३००० रुपये. तीन लाखांना खतात आधार नाही. त्यांनी माड लावले, बांध बांधला म्हणाले तरी एरवी त्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. जमीन नासू नये म्हणून करावंच लागलं किंवा सरकारी हुकमावरून केलं असेल तरच तो मागता येतो.

ते पैसे घेत नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८३ खाली रक्कम दिवाणी कोर्टात भरता येते. कोर्ट त्यांना नोटीस काढतं. त्यांनी रक्कम स्वीकारायची तर गहाणखत हजर करायचं आणि पैसे उचलण्याआधी ताबा सोडायचा. नकार दिला तर गहाण सोडवण्याचा दावा. त्यात आधी प्राथमिक हुकूम होतो, पैसे भरायला मुदत मिळते, मग अंतिम हुकूम आणि ताबा. नांगरणीच्या आत हे होणार नाही, तो हिशेब सोडा.

बांधावरून
सगळं बरोबर, पण कुळाचा रकाना विसरू नका. तेच खरं भांडण आहे. सरकारी नोंद खरी आहे असं कोर्ट आधी धरून चालतं, चुकीची असल्याचं तुम्ही सिद्ध करायचं. कुळ कायद्यात ताब्यातला गहाणदार निव्वळ कसण्यामुळे कुळ होत नाही. पण ते गहाणाआधीपासून तेच शेत खंडाने कसत असतील तर? गहाण सुटलं तरी जुना कुळहक्क आपोआप मरत नाही, आणि मग पैसे भरूनही शेताचा ताबा हाती येणार नाही. वर कुळाला मालकी देणारी १९७६ ची दुरुस्तीही आहे.

वायंगण
'आजपासून ताबा दिला' हे शब्द त्यांच्या विरोधात जातात. आधीच कसत असते तर १९७४ साली ताबा देण्याचा प्रश्नच नव्हता.

बांधावरून
नेहमीच नाही. पूर्वीच्या कुळालाच गहाण देताना लेखनिक ठरावीक मजकूर उतरवायचे. एका वाक्यावर विसंबू नका. १९७४ आधी शेत कोण कसत होतं त्याचा कागद शोधा. आणि कुळ आहे की नाही हा मुद्दा दाव्यात निघाला की तो मामलेदाराकडे जाऊ शकतो, तिथे वेगळा वेळ जातो.

मेरेवरचा
ते म्हणतात १९७२ च्या खंडाच्या पावत्या आहेत. दाखवत मात्र नाहीत.

बांधावरून
मग वकिलाकडून नोटीस काढताना मुद्दल देऊ करा आणि पावत्यांच्या प्रतीही मागा. पावतीवर सही कोणाची ते बघा. आजोबांची असेल तर प्रकरण जड आहे. १९७४ च्या गहाणानंतरच्या तारखेची एखादी पावती सापडली तर ती गहाणाच्या गोष्टीशी जुळत नाही, कारण त्या काळात खंड द्यायचाच नव्हता. मग कोण काय देत होतं ते त्यांनीच सांगावं लागेल.

सडेकर
आधी भावाबहिणींच्या सह्या गोळा करा. गोव्यात बायकोचाही अर्धा भाग असतो, एकट्याने काही होत नाही.

वायंगण
सोडवायला सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. एक वारससुद्धा पूर्ण मुद्दल भरून सोडवू शकतो, मग इतरांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्याकडून वसूल करायची. आपल्या हिश्श्यापुरतं थोडंसं शेत मात्र सोडवता येत नाही. दाव्यात मात्र सगळ्यांना पक्षकार करा. आजोबांच्या वारशाचा दस्त झाला नसेल तर तो आत्ताच करायला घ्या. समोरच्या बाजूचेही सर्व वारस नोटिशीत घ्या. एकाला वगळलंत तर पुढे तोच आडवा येईल.

आणि तडजोड झालीच तर साध्या कागदावर 'पैसे मिळाले' घेऊन थांबू नका. गहाण संपल्याचा दस्त नोंदवून घ्या, मूळ गहाणखत परत घ्या, मग त्या दस्तावरून फेरफार.

मेरेवरचा
सब-रजिस्ट्रारकडून खताची प्रमाणित प्रत सोमवारी मिळेल. १९७४ आधीची नोंद तलाठ्याकडे मिळते की आणखी कुठे?

बांधावरून
तलाठ्याकडे विचारून थांबू नका. सर्व्हे झाला तेव्हाचे कागद मामलेदार कचेरीत मागा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.