गाडी विकली, करारनामा पुरेसा आहे का? (जरा तातडीचं)

सुहास_पुणे: रविवारी २०१५ ची वॅगनार विकली. ५०० च्या स्टॅम्पवर करारनामा आहे. त्यात "सर्व रक्कम मिळाली, यापुढील सर्व जबाबदारी खरेदीदाराची" असं लिहिलंय. आज माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं ई-चलन आलं! करारात काय राहिलंय?

अण्णा६१: इंजिनचा आवाज ऐकून घ्या आणि टायर बघा. वॅगनार असेल तर सस्पेन्शन पण तपासा.

सुहास_पुणे: काका, मी विकणारा आहे.

मेघना_आरटीओकामं: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या का? ताब्याची तारीख लिहिलीय, पण वेळ? पैसे कसे आले?

सुहास_पुणे: फॉर्म तो भरणार होता. वेळ नाही लिहिली. १ लाख ८५ हजार त्याच्या मेव्हण्याच्या खात्यातून आले, २५ हजार अजून यायचे आहेत.

विनूभाऊ: नोटरी करा, विषय संपला. माझी बुलेट तशीच विकली, काही झालं नाही.

मेघना_आरटीओकामं: विनूभाऊ, नोटरीने आरसीवरचं नाव बदलत नाही. "जबाबदारी खरेदीदाराची" हे तुमच्या दोघांत चालतं. उद्या अपघात झाला, तर जखमी माणूस आरसीवरच्या मालकाकडे येतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. त्या प्रकरणात गाडी हातोहात पुढे गेली होती, तरी भरपाई नोंदणीकृत मालकावरच आली.
सुहास, विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते त्याच्यावर सोडू नका. आणि २५ हजार बाकी असताना "सर्व रक्कम मिळाली" वर सही केलीत, तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. पुरवणी लिहून घ्या: किती, कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला मिळाले, मेव्हण्याने ते याच गाडीपोटी दिले, बाकी किती. त्यातच चेसिस नंबर आणि गाडी किती वाजता दिली ते टाका.

विनूभाऊ: २५ हजार येईपर्यंत फॉर्मवर सही करू नका. तेवढाच धाक असतो.

मेघना_आरटीओकामं: उलटं आहे. नाव तुमचं आणि गाडी त्याच्याकडे, तोवर धोका तुम्हालाच.

कोल्हापुरी_मी: आमच्याकडे विम्यावर जुनंच नाव राहिलं होतं. गाडी ठोकली, तर कंपनीने आमच्या नुकसानीचा दावा फेटाळला. विमा नावावर करा.

सुहास_पुणे: ते खरेदीदाराने करायचं ना? असो, त्याला सांगतो. चलन कोणी भरायचं?

मेघना_आरटीओकामं: चलनावरची तारीख-वेळ बघा. ताब्यानंतरची असेल तर त्याच्याकडून भरून घ्या. नाही म्हणाला तर गाडी किती वाजता दिली हे दाखवायला सध्या तुमच्याकडे काहीच नाही, त्या दिवशीचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. गाडीवर कर्ज होतं का?

सुहास_पुणे: होतं, २०२० मध्येच फिटलं.

मेघना_आरटीओकामं: आरसीवरून बँकेचं नाव काढलंत?

सुहास_पुणे: ...आत्ता परिवहनच्या ॲपवर बघितलं. अजून आहे. बँकेने तेव्हा एक पत्र दिलं होतं, ते सापडत नाही.

मेघना_आरटीओकामं: मग आधी बँकेत जाऊन नवीन ना-हरकत आणि शिक्का मारलेला फॉर्म ३५ मागा. बँकेचं नाव निघाल्याशिवाय ट्रान्सफर अडकेल. आणि आज रात्रीच त्याला मेसेज करा, नाव लागेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नको म्हणून.

विनूभाऊ: तो ऐकेल असं वाटतंय का तुम्हाला?