मदत हवी आहे: बोर्डवर छापलेला क्यूआर नंतर दुसऱ्या पानावर वळवता येईल ना?

रानवाट: दुकानाचा बोर्ड आणि ब्रोशर, दोन्हीवर एकच छोटा पत्ता आणि त्याचा क्यूआर टाकायचाय. आत्ता तो मालाच्या यादीच्या पीडीएफवर जाईल, पण पुढे पान बदललं म्हणून बोर्ड परत करायला लागू नये. डोमेन स्वतःचं आहे, होस्टिंग अपाचीवालं. क्यूआरच्या साइट म्हणतात डायनॅमिक घ्या, वर्षाचे पैसे भरा. खरंच लागतं का ते?

टिंबटिंब: डायनॅमिकच घे, साधा क्यूआर छापला की संपलं, बदलता येत नाही. आणि रीडायरेक्ट 301 लाव, तो पक्का असतो.

जुनाखोड: छापलेला क्यूआर बदलत नाही हे बरोबर, पण डायनॅमिक म्हणजे वेगळा क्यूआर नसतोच, त्यात त्या कंपनीचा मधला पत्ता असतो, पैसे भरायचे थांबवलेत की तो बंद पडू शकतो आणि तुमचा बोर्ड तसाच लटकलेला. मधला पत्ता स्वतःच्या डोमेनवर ठेवा, मग फक्त डोमेन रिन्यू करत राहायचं. .htaccess मध्ये एवढंच:

```
RedirectMatch 302 "(?i)^/yadi/?$" "https://example.com/mal.pdf"
```

(?i) मुद्दाम टाकलंय. बोर्डवर YADI असं मोठ्या अक्षरांत रंगवलं की लोक तसंच टाइप करतात, आणि डोमेनला फरक पडत नसला तरी पुढच्या भागाला पडतो.

301 मात्र इथे नको. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतच नाही. मग नव्या गिऱ्हाईकाला नवीन पान दिसतं आणि नेहमीच्याला जुनंच, तुम्ही नवीन फोनवर बघता तर सगळं ठीक. छापायला देण्याआधी हे चालवा, 302 आणि Location दोन्ही दिसले पाहिजेत:

```
curl -I https://example.com/yadi
```

पाणपोई: आमचा बोर्डवरचा क्यूआर रस्त्यापलीकडून लागतच नाही, तेही रीडायरेक्टमुळेच होत असेल का?

जुनाखोड: नाही हो, तो आकाराचा प्रश्न. अंतराच्या साधारण दहावा भाग धरा, 3 मीटरवरून स्कॅन करायचा तर 30 सेंटीमीटर. भोवती चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडलीच पाहिजे, पेंटर नेमकी तीच खातात. पत्ता छोटा असला की चौकोन कमी आणि मोठे, म्हणून लांबूनही लवकर लागतो.

टिंबटिंब: अरे बापरे, माझ्याकडे तर वर्षभर 301 चालू आहे. आता 302 केला तर जुने लोक सुटतील?

जुनाखोड: त्यांचे फोन थेट जुन्या पानावरच जाणार. ते पान तुमच्याच डोमेनवर असेल तर तिथून नव्या पानावर 302 लावा, फक्त परत छोट्या पत्त्याकडे वळवू नका, गोल गोल फिरत राहील. दुसऱ्याच्या साइटवर असेल तर अवघड आहे.

टिंबटिंब: दुसऱ्याच्याच आहे. कोणी काही जुगाड केलाय का?

रानवाट: माझं काम झालं, curl मध्ये 302 आला. टिंबटिंबच्या प्रश्नासाठी धागा चालू ठेवतो.