मदत हवी आहे: 200 झाडं सांगितली तरी ॲडाबूस्ट बॅगिंगच्या मागं

परभणीकर: सोयाबीनच्या पानांच्या फोटोवरून पिवळा मोझॅक ओळखायचाय. बॅगिंगला 84 टक्के, ॲडाबूस्टला 76. चुकलेल्या नमुन्यांवर जोर देऊनही कमी कसं? डिसिजन ट्रीचं झाड दोन्हीकडं तेच. सोमवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा.

गोदाकाठ: तेच म्हणजे कसलं? `max_depth` किती? ट्रेनिंगवर किती?

काळीमाती: कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर मोझॅक नव्हं, लोह कमी पडलंय. आपल्या चुनखडीच्या रानात लई दिसतं. फेरस सल्फेट फवारा.

परभणीकर: दादा, फवारणी नाही विचारली. `max_depth` दिलंच नाही. ट्रेनिंग 100.

गोदाकाठ: तिथंच घोळ आहे. m म्हणजे तुझं ॲडाबूस्टचं मॉडेल, त्यात किती झाडं आहेत हे बघ:

```
len(m.estimators_)
```

परभणीकर: 1 आलं! 200 सांगितले होते की!

गोदाकाठ: पूर्ण वाढलेल्या झाडानं पहिल्याच फेरीत सगळं पाठ केलं. चूक शून्य, मग वजन वाढवायचं कुणाचं? तिथंच थांबलं. तुझे 76 हे एकट्या झाडाचे.

दहा पानं धर, प्रत्येकाचं वजन 0.1. एका फांदीचं झाड तीन चुकलं. पुढच्या फेरीत चुकलेल्यांचं वजन प्रत्येकी 0.167 होतं, बरोबर आलेल्यांचं 0.071. म्हणजे तीन चुकलेल्यांचं मिळून अर्धं वजन. आता तेच झाड पुन्हा आणलं तर छापा-काटाच, म्हणून पुढच्याला वेगळा प्रश्न विचारावाच लागतो. असं करत बायस उतरतो. बॅगिंगमध्ये झाडं एकमेकांचं ऐकत नाहीत. खोल झाडं डेटा थोडा बदलला की डगमगतात, सरासरीत ते डगमगणं कमी होतं. पण एका फांदीची 200 झाडं बॅगिंगला दिलीस तर बहुतेक त्याच जागी फांदी फोडतील, चूक तशीच राहील.

नांदेडची_अनघा: `max_depth=1` कर आणि बिनधास्त 1000 फेऱ्या लाव. कमकुवत झाडं ओव्हरफिट होत नाहीत. माझ्या कर्जाच्या डेटावर टेस्ट शेवटपर्यंत सुधारत गेली.

गोदाकाठ: तुझी लेबलं स्वच्छ होती म्हणून. चुकीचं लेबल असलेलं पान दर फेरीला चुकतं, दर फेरीला जड होतं, आणि शेवटी झाडं त्याच्याच मागं लागतात.

नांदेडची_अनघा: मग फेऱ्या कमी करून भागेल, लेबलं कशाला उकरायची?

परभणीकर: एका फांदीनं केलं. `staged_predict` नं बघितलं तर 40 व्या फेरीला 86, 200 ला 81. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत चुकत राहिलेले ट्रेनिंगचे 30 फोटो उघडले. 11 मध्ये शिरा हिरव्यागार, लेबल मात्र मोझॅक. गावातल्या पोरांनी लावलेली होती. काळीमाती दादा, तुमचं बरोबर होतं.

काळीमाती: बाकी 19 चं काय?

परभणीकर: फोटोवरून मलाच कळंना.

काळीमाती: ती झाडं रानात उभी हायेत का अजून? मोझॅक पसरवणारी पांढरी माशी पानाच्या खालून बघावी लागते. तुझे फोटो सगळे वरून काढलेले दिसतात.