उत्तर: स्वीकारपत्रातली घरभाड्याची ओळ
> 'घरभाडं कंपनीने दिलं तर बरं होईल' ही ओळ फॉर्मल इंग्रजीत कशी लिहू?

वर सगळे वाक्य सुचवतायत, पण मी म्हणेन ती ओळ नोकरीची ऑफर स्वीकारायच्या या पत्रातून काढाच. मराठीत ती नुसती विनंती वाटते, पण फॉर्मल करायच्या नादात कोणीतरी तिथे 'सब्जेक्ट टू' किंवा 'प्रोव्हायडेड दॅट' टाकतं आणि विनंतीची अट होते. इंग्लंडच्या कायद्यात अट घातलेला होकार म्हणजे होकार नाहीच, ती उलट ऑफर धरतात आणि मूळ ऑफर तिथेच संपते. १८४० चा हाइड विरुद्ध रेंच खटला बघा, शेत १००० पौंडांना देऊ केलेलं, घेणारा ९५० म्हणाला, नकार आल्यावर १००० ला तयार झाला, पण कोर्ट म्हणालं ती ऑफर आता उरलीच नाही.

म्हणून भाड्याचं सही करायच्या आधीच वेगळ्या मेलमध्ये विचारा, मान्य झालं तर सुधारित ऑफर लेटर मागा. मग स्वीकारपत्रात फक्त पद, त्या लेटरची तारीख, जॉइनिंगची तारीख आणि 'दिलेल्या अटींवर ऑफर स्वीकारतो' एवढंच. व्हिसाची अट बहुतेक त्यांच्याच लेटरमध्ये असते, तुम्ही परत कशाला लिहायची?