मोबाइलशिवाय घास घेत नाही: सवय कशी मोडावी?

धागाकर्ती: माझा अडीच वर्षांचा मुलगा मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय जेवत नाही. दिवसा तो सासूबाईंजवळ असतो आणि एकूण तीन तास तरी मोबाइल चालतो. घरच्या घरी त्याला कशात रमवावे?

निवृत्त बालवाडीताई: सुरुवात फक्त दुपारच्या जेवणापासून करा. गाण्यात गुंगलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही आणि तोंड उघडले की आपण भरवत राहतो. जेवणाआधी अर्धा तास चादरीवर परात ठेवून तिच्यात दोन वाट्या तांदूळ, एक चमचा आणि दोन फुलपात्री द्यावीत; या वयाची मुले ओतणे आणि भरणे यांत बराच वेळ रमतात. चिंचोके, राजमा मात्र देऊ नयेत, कारण ते घशात किंवा नाकात अडकतात, आणि तांदूळ असले तरी कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे. मग वरणभात त्याच्याच हाताने खाऊ द्यावा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, ताटात काही उरले असले तरी, न रागावता ताट उचलावे. पहिले काही दिवस तो रडेल आणि कमी जेवेल.

दोन मुलींचा बाबा: असे हळूहळू काही सुटत नाही. मोबाइल आजच कपाटात ठेवा, नाहीतर चष्मा लागलाच म्हणून समजा.

बालवाडीताई: घरातल्या सर्वांचे एकमत असेल तर तसेही जमते. चष्म्याचे म्हणाल, तर जवळचे पाहण्याइतकेच उजेडात बाहेर न खेळणेही त्याला कारणीभूत असते. नुसता मोबाइल काढून मूल घरातच बसले, तर ते अर्धेच काम झाले.

एक आजी: सल्ले देणाऱ्यांनी एक दिवस नातवाला सांभाळून पाहावे. माझे गुडघे दुखतात, गॅसवर कुकर असतो आणि तो पायांत घुटमळतो, म्हणून मी गाणी लावते. सांडलेले तांदूळ कोण गोळा करणार?

बालवाडीताई: आजी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. त्यातला अर्धा तास तुमच्या स्वयंपाकाच्या वेळी खर्च करा, जेवणाच्या वेळी नव्हे. तांदळांचा खेळ आईबाबांनी संध्याकाळी मांडावा आणि त्यांनीच आवरावा. दुपारी तुमच्याशेजारी बसून त्याला कणकेचा गोळा थापू द्या.

आठवीतल्या मुलाची आई: आमच्याकडे अभ्यासच मोबाइलवर येतो. त्याला कणीक देऊन काय होणार?

बालवाडीताई: तो प्रश्न वेगळा आहे, त्याला हा उपाय लागू नाही. धागाकर्तीला एकच विचारते: हाक मारल्यावर मुलगा वळून पाहतो का, दोन शब्द जोडून बोलतो का? नसेल, तर सारा दोष मोबाइलवर टाकून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

धागाकर्ती: तो वळून पाहतो, 'पाणी दे' म्हणतो. सोमवारपासून दुपारचे जेवण मोबाइलविना करू. संध्याकाळी तांदूळ मी आवरेन, पण रडण्यापुढे सासूबाईंचा धीर टिकेल का, हे मला आज सांगता येत नाही.